त्रासदायक ठरलेल्या सहकाऱ्याला निरोपाचा संदेश लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयातून कोणी बाहेर पडत असले की चार ओळी लिहिण्याचे काम फिरत फिरत कोणा एकाकडे येते. जाणारी व्यक्ती सर्वांच्या आवडीची असेल तर ते काम दहा मिनिटांत होते. ज्याच्याशी विभागातल्या निम्म्या लोकांचे बोलणे बंद होते, त्याच्यासाठी लिहायचे असेल तर मात्र तोच कागद चार दिवस टेबलावर पडून राहतो. गेली काही वर्षे आमच्या विभागात हे काम माझ्याकडे येत आहे आणि इतर विभागांतील मंडळीही मसुदा दाखवायला येतात. त्यांनी पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

संदेश लिहिलाच पाहिजे का?

विभागाच्या वतीने लिहायचा असेल तर होय, कारण इतर प्रत्येकाला तो मिळालेला असतो आणि फक्त एकाला न मिळणे हा आपोआपच एक संदेश होतो. वैयक्तिकरीत्या लिहिण्याचे बंधन कोणावरही नाही. ज्याला मनापासून एक ओळही सुचत नाही त्याने सामुदायिक कार्डावर नुसते नाव लिहून सही करावी. नावाशेजारी काही लिहिलेच पाहिजे असा नियम कोठेही नाही.

'तटस्थ चांगली गोष्ट' म्हणजे नेमके काय?

ज्या गोष्टीविषयी त्या व्यक्तीचा मित्र आणि तिच्यामुळे सर्वांत जास्त मनस्ताप झालेला माणूस, असे दोघेही 'हो, हे खरे आहे' असे म्हणतील, ती तटस्थ चांगली गोष्ट. ती जवळपास नेहमीच एखादी कृती असते, स्वभाव नसतो. 'आपण मदतीला तत्पर असता' हे मत झाले आणि त्यावर वाद होऊ शकतो. 'डिसेंबरची मालमोजणी आपण दोन दिवसांत पूर्ण केलीत' ही घटना आहे आणि तिच्यावर वाद होत नाही. म्हणून मसुदा करताना विशेषणांपासून सुरुवात न करता क्रियापदांपासून करावी: त्यांनी काय केले, काय सांभाळले, काय वेळेवर दिले, काय सुरू केले.

तटस्थ याचा अर्थ कोरडे असा मात्र नव्हे. तपशील जितका नेमका, तितकी ओळ आपसूक आदराची वाटते, कारण कोणीतरी आपल्या कामाकडे लक्ष दिले होते हे वाचणाऱ्याला त्यातून कळते.

विचार करूनही काहीच चांगले आठवत नसेल तर?

बहुतेक वेळा अडचण आठवणीची असते. भांडणे ठळक लक्षात राहतात आणि सुरळीत झालेली कामे लक्षात राहत नाहीत, कारण सुरळीत झालेल्या कामाविषयी कोणी बोलत नाही. त्यामुळे आठवत बसण्याऐवजी कागद पाहावेत. त्या व्यक्तीच्या हस्ताक्षरातील नोंदवही, तिने लावलेल्या फायली, तिने बाहेर पाठवलेल्या पत्रांच्या प्रती यांवरून अर्धा तास नजर फिरवली तरी काहीतरी हाती लागते. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःला असे विचारणे की ही व्यक्ती आठवडाभर रजेवर गेली होती तेव्हा नेमके कोणते काम अडले होते. जे अडले होते ते काम ती करत होती, आणि आपला मजकूर तेथेच आहे.

एरवी बाहेरच्या माणसाला विचारावे. पुरवठादार, लेखापरीक्षक, बँकेतला कर्मचारी, सुरक्षारक्षक यांचा त्या व्यक्तीशी संबंध फक्त कामापुरता असतो आणि त्यांच्याकडून अनेकदा असे काही कळते जे शेजारच्या टेबलावरून दिसलेले नसते.

एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून हे समजावून सांगता येईल का?

आमच्या लेखाविभागात आम्ही सात जण होतो. त्यातले एक ज्येष्ठ सहकारी सहा वर्षांनी नोकरी सोडून निघाले. त्यांचा त्रास खरा होता. एखाद्या व्हाउचरवर सही राहिली तर ते संबंधित माणसाला न सांगता संपूर्ण कार्यालयाला ई-मेल पाठवत आणि त्यात चूक लाल अक्षरांत असे. नव्याने आलेली एक सहकारी त्या ई-मेलमुळे दोनदा रडत घरी गेली होती. कोणती फाईल कोठे आहे हे ते कोणालाही सांगत नसत, आणि विचारले तर 'लागेल तेव्हा मी देईन' एवढेच उत्तर मिळे.

निरोपाच्या संदेशाचा पहिला मसुदा आमच्यातल्या एका भिडस्त सहकाऱ्याने केला. तो असा होता: 'सर, आपण आम्हा सर्वांसाठी आधारस्तंभ होता. आपल्या मनमिळाऊ स्वभावामुळे विभागात नेहमी खेळीमेळीचे वातावरण राहिले.' हा मसुदा मोठ्याने वाचताच खोलीत हशा पिकला. असा मजकूर कार्डावर गेला असता तर जाणाऱ्याने तो थट्टा म्हणूनच वाचला असता, कारण आपण मनमिळाऊ नाही हे त्यांनाही ठाऊक होते.

दुसरा मसुदा चिडलेल्या सहकाऱ्याचा: 'आपणास पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. लेखाविभाग.' यात खोटे काहीच नाही, परंतु त्याच महिन्यात निवृत्त झालेल्या शिपायाच्या कार्डावर आम्ही अर्धे पान भरून लिहिले होते आणि दोन्ही कार्डे एकाच सूचनाफलकावर लागणार होती. त्या शेजारात ही एक ओळ अबोलाच धरल्यासारखी दिसली असती.

तिसरा मसुदा मी स्वतः केला आणि तो सर्वांत वाईट होता: 'आपल्या परखड मार्गदर्शनामुळे आम्हांला पुष्कळ शिकायला मिळाले.' मला तो मुत्सद्दीपणाचा वाटला होता. ज्या सहकारीला ते लाल अक्षरांचे ई-मेल आले होते, तिने तो वाचून एवढेच म्हटले की 'परखड' हा शब्द वाचताच सगळे माझ्याकडे पाहतील. ते बरोबर होते.

मग आम्ही फायली काढल्या. पगारातून आणि कंत्राटदारांच्या बिलांतून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चचा ३० एप्रिलपर्यंत सरकारकडे भरावा लागतो; उशीर झाला की व्याज लागते. सहा वर्षांची चलने तारखेनुसार पाहिली, तर एकही चलन मुदतीनंतरचे नव्हते. दुसरी गोष्ट लेखापरीक्षकांच्या सहायकाने फोनवर सांगितली: तुमच्याकडे व्हाउचर मागितले की ते मूळ बिलासह टाचलेले आणि क्रमांकानुसार लावलेले मिळते, त्यामुळे आमचा वेळ वाचतो. ही पद्धत त्यांचीच होती. शेवटी कार्डावर गेलेला मजकूर असा:

'सर, सप्रेम नमस्कार. गेली सहा वर्षे टीडीएसच्या भरण्याचे काम आपण सांभाळलेत आणि या काळात एकही चलन मुदतीनंतर गेले नाही. लेखापरीक्षणात मागितलेले व्हाउचर बिलासह लगेच हाती येते, ते आपण लावून दिलेल्या क्रमवारीमुळे. ती पद्धत आम्ही पुढेही चालू ठेवणार आहोत. नव्या ठिकाणी आपले काम आपल्या मनासारखे सुरू व्हावे, ही शुभेच्छा. लेखाविभाग.'

यात स्वभावाविषयी एकही शब्द नाही, हे पाहावे. दोन घटना आहेत, एक पुढचा संबंध आहे आणि एक शुभेच्छा आहे. 'पद्धत चालू ठेवणार आहोत' हे वाक्य लिहिण्यापूर्वी आम्ही खरोखरच तसे ठरवले होते. ठरले नसते तर ते लिहायला नको होते. ई-मेलवरून दुखावलेल्या सहकारीनेही या कार्डावर सही केली आणि तिला कोणी आग्रह केला नाही.

कोणते शब्द टाळावेत?

मराठीत स्वभावाची काही विशेषणे वापरून वापरून अशी झाली आहेत की त्यांचा कोशातला अर्थ चांगला असला तरी कार्यालयात त्यांचा अर्थ दुसराच घेतला जातो. 'स्पष्टवक्ते' म्हणजे तोंडाने फटकळ, 'शिस्तप्रिय' म्हणजे छळवादी, 'तत्त्वनिष्ठ' म्हणजे हटवादी, 'परखड' म्हणजे अपमान करणारे, 'स्वतंत्र विचारांचे' म्हणजे कोणाचे न ऐकणारे, असा हा अलिखित कोश आहे आणि तो प्रत्येकाला पाठ असतो. जाणाऱ्यालाही असतो. आवडत्या माणसाच्या संदेशात हेच शब्द निर्धोक असतात. नावडत्याच्या संदेशात त्यांना धार येते.

यावर एक साधा उपाय आहे. विशेषण माणसाला न लावता कामाला लावावे. 'आपला काटेकोर स्वभाव' हा टोमणा होऊ शकतो, पण 'ताळमेळाची काटेकोर तपासणी' हे कामाचे वर्णन आहे आणि त्यात दुसरा अर्थ शोधायला जागा उरत नाही.

'नेहमी', 'कायम', 'सदैव' ही क्रियाविशेषणेही काढून टाकावीत. 'आपण नेहमी आपले मत मांडलेत' या वाक्यातला सगळा विखार त्या एका 'नेहमी'मध्ये आहे. त्याचप्रमाणे 'आपण आमच्या कायम स्मरणात राहाल' हे वाक्य या प्रसंगी कधीही लिहू नये. ते वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे काय येईल याची हमी देता येत नाही.

'आपल्या जाण्याने पोकळी निर्माण होईल', 'उणीव भासेल' असे लिहिणे शिष्टाचाराचे नाही का?

पोकळी मराठीत बहुधा मृत्युलेखात निर्माण होते. जिवंत, धडधाकट माणूस चांगल्या पगारावर दुसरीकडे जात असताना तिचा उल्लेख मुळातच विचित्र वाटतो, आणि सर्वांना सुटल्यासारखे वाटत असताना तर तो हास्यास्पद होतो. 'उणीव भासेल' हे तुलनेने सौम्य आहे, पण तेही भावनेचे विधान आहे आणि भावना नसेल तर ते खोटे ठरते. त्याऐवजी कामाचा दुवा लिहावा: 'आपण तयार केलेला तक्ता आमच्या हाताशी राहील.' हे खरे असते आणि पुरेसेही असते.

याच कारणाने 'होता', 'होते' या भूतकाळी रूपांची गर्दी करू नये. 'आपण अभ्यासू होता, वक्तशीर होता' असे सलग लिहिले की मजकुराला शोकसभेची चाल येते. 'सांभाळलेत', 'पूर्ण केलेत', 'लावून दिलेत' अशी पूर्ण झालेल्या क्रियेची रूपे वापरली की ती चाल मोडते.

'आपण' लिहावे की 'तुम्ही'?

ज्या नावाने आणि ज्या सर्वनामाने रोज हाक मारत होता, त्याच्या एक पायरी वर जाण्यास हरकत नाही, दोन पायऱ्या जाऊ नये. रोज 'तुम्ही' म्हणत असाल तर लेखी संदेशात 'आपण' शोभते. समवयस्क सहकाऱ्याला रोज 'अरे-तुरे' करत असाल आणि अचानक 'आपण' लिहिलेत, तर ते दार लावून घेतल्यासारखे वाटते; तेथे 'तू' किंवा फार तर 'तुम्ही' असावे.

'आपण'ची आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. मराठीत 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्हीही आणि तुम्ही-आम्ही मिळूनही. 'आपण मिळून हे काम पूर्ण केले' या वाक्यात दुसरा अर्थ येतो. काम त्यांनी एकट्याने केले असेल तर श्रेय वाटले जाते आणि अशा व्यक्तीला ते पहिल्या वाचनात खुपते. म्हणून विभागासाठी 'आम्ही' आणि जाणाऱ्यासाठी 'आपण' असे एकदा ठरवून संपूर्ण मजकुरात तेच पाळावे.

कर्त्याला झाकणारी वाक्येही येथे घातक ठरतात. 'फायली व्यवस्थित लावल्या गेल्या' असे कर्मणी वाक्य लिहिले की त्या कोणी लावल्या हे गुलदस्त्यात राहते. कोणी चुकले असेल तेव्हा ही रचना सोयीची असते. श्रेय देताना ती कंजुषी दिसते.

झालेल्या वादांचा उल्लेख करावा का?

विभागाच्या संदेशात नाही. 'मतभेद झाले तरी', 'काही कटू प्रसंग आले असले तरी' अशी सुरुवात प्रामाणिक वाटते, पण 'तरी'च्या अलीकडचे तेवढे लक्षात राहते आणि पलीकडचे विरून जाते. शिवाय कार्ड सर्वजण वाचतात आणि कोणते प्रसंग यावर चर्चा सुरू होते. तुमचा आणि त्यांचा प्रत्यक्ष वाद झाला असेल आणि त्याविषयी दोघांना काही बोलायचे असेल, तर ते चहाच्या टपरीवर समोरासमोर व्हावे. कागद त्यासाठी योग्य जागा नाही.

संदेश किती लांबीचा असावा?

तीन ते पाच वाक्ये. याहून महत्त्वाचे म्हणजे गेल्या वर्षभरात इतरांना जेवढा मजकूर दिला गेला त्याच्या आसपास तो असावा. ज्यांना वाईट काही लिहायचे नसते ते कमी लिहून राग व्यक्त करतात, आणि ज्यांना अपराधी वाटते ते जास्त लिहितात. दोन्ही गोष्टी मोजपट्टीने दिसतात.

व्हॉट्सॲप गटावर लिहायचे झाल्यास?

अधिकृत ई-मेल किंवा कार्ड आधी जाऊ द्यावे आणि गटावर त्यानंतर दोन वाक्ये लिहावीत. गटावरची अडचण तुमच्या मजकुराची नसून त्याखाली येणाऱ्या प्रतिसादांची असते. एखाद्याने हसरा चेहरा टाकला की गंभीर वाक्याचाही विनोद होतो. म्हणून गटावर तपशील लिहू नये, फक्त शुभेच्छा द्याव्यात, आणि कोण काय टाकू शकतो हे माहीत असेल तर त्या एक-दोघांना आधीच सांगून ठेवावे. हे मी अनुभवावरून सांगतो. एका निरोपाखाली फटाक्यांचे चित्र आले होते आणि ते कशासाठी होते याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.

समारंभात बोलावे लागले तर?

कार्डावरचाच मजकूर कागदावरून वाचावा. शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर उत्स्फूर्त दोन शब्द बोलायला गेलेला माणूस तिसऱ्या वाक्याला किस्सा सांगतो आणि या प्रसंगी निर्धोक किस्सा सहसा नसतो.

मी त्यांचा वरिष्ठ आहे. माझ्या संदेशाचा वापर शिफारस म्हणून होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि म्हणूनच वरिष्ठाने अधिक जपून लिहावे. निरोपाचा संदेश, अनुभव प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र ही तीन वेगळी कागदपत्रे आहेत. अनुभव प्रमाणपत्रात पद आणि कालावधी असतो आणि ते व्यवस्थापनाकडून जाते. शिफारसपत्र म्हणजे तुम्ही दुसऱ्या संस्थेला दिलेला शब्द. निरोपाच्या संदेशात 'कोणत्याही संस्थेला त्यांचा लाभ होईल' असे वाक्य आले की तो नकळत शिफारसपत्र होतो. संस्थेच्या शीर्षपत्रावर तर तो लिहूच नये. घडलेल्या कामाचे विधान करावे आणि भविष्याबद्दल फक्त शुभेच्छा द्याव्यात. मराठीतला विध्यर्थ यासाठी अगदी नेमका आहे. 'आपल्याला यश मिळेल' हे भाकीत आहे, 'यश मिळावे' ही इच्छा आहे.

एखादा सहकारी सही करायला नकार देत असेल तर?

त्याला सोडून द्यावे आणि कारण विचारू नये. मात्र अशा वेळी मजकुरात 'आम्ही सर्व' लिहू नये. 'लेखाविभागाच्या वतीने' असे लिहिले की कोणी सही केली आणि कोणी नाही हा हिशेब उभाच राहत नाही.

वागणूक नुसती त्रासदायक नसून तक्रार होण्याइतकी गंभीर असेल तर?

तेथे ही संपूर्ण पद्धत लागू होत नाही. लाल अक्षरांचे ई-मेल आणि छळ यांत फरक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ साली झालेल्या कायद्याखाली अंतर्गत समितीपुढे तक्रार चालू असेल किंवा तिचा निकाल लागला असेल, तर विभागाच्या नावाने कौतुकाचा कोणताही मजकूर जाऊ नये. त्या कायद्यानुसार तक्रारीचा तपशील आणि संबंधितांची ओळख गोपनीय ठेवावी लागते, त्यामुळे संदेश का नाही याचे कारणही कोणाला सांगता येत नाही. अशा वेळी 'अमुक तारखेपासून या कामासाठी अमुक यांच्याशी संपर्क साधावा' एवढी प्रशासकीय सूचना मनुष्यबळ विभागाने काढावी आणि तेथेच थांबावे. तक्रार करणाऱ्या व्यक्तीपुढे सहीसाठी कार्ड नेणे हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

संदेश जमला की नाही हे पाठवण्यापूर्वी कसे ओळखावे?

विभागातल्या सर्वांत खोडकर माणसाला तो मोठ्याने वाचायला सांगावा. ज्या शब्दावर त्याचा आवाज बदलेल तो शब्द काढून टाकावा. त्यानंतर ज्याला सर्वांत जास्त त्रास झाला आहे त्याला एकट्याने वाचायला द्यावा. त्याने 'यात खोटे काही नाही' असे म्हटले की काम झाले. 'छान लिहिले आहे' असे म्हणण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

त्यांच्याकडून काही उत्तर आले नाही तर?

येईलच असे नाही, आणि त्यासाठी लिहिलेलेही नसते. आमच्या त्या सहकाऱ्यांनी कार्ड वाचले, पाकिटात परत घातले आणि काहीही न बोलता निघून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या ई-मेलवर त्यांचे एकच वाक्य आले, या वेळी काळ्या अक्षरांत: मागच्या तीन वर्षांची चलने डाव्या खणात आहेत, किल्ली शिपायाकडे दिली आहे.